वय आणि रक्तदाब यांच्या रिग्रेशनमधील चढ आणि r² यांचा अर्थ कसा लिहावा?

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागातील आरोग्य शिबिरात यंत्रमाग कामगारांचे वय आणि वरचा रक्तदाब नोंदवला. प्रकल्पासाठी सात जण घेतले: वय ३०, ३५, ४०, ४५, ५०, ५५, ६० आणि त्याच क्रमाने दाब ११८, १२८, ११६, १३४, १२४, १४२, १३४. चढ ०.६, r ०.६९ आणि r² ०.४८ आला. "माणसाचा रक्तदाब दर वर्षी ०.६ ने वाढतो आणि ४८ टक्के लोकांचा रक्तदाब वयामुळे वाढतो" असे लिहिले तर चालेल का?

उत्तर:

तुमची आकडेमोड बरोबर आहे. मात्र पहिल्या विधानाची भाषा बदलावी लागेल आणि दुसरे विधान पूर्णपणे काढून टाकावे लागेल. मी सोलापुरातच संख्याशास्त्र शिकवतो, आणि या दोन आकड्यांची अशी सरमिसळ प्रकल्पांच्या वह्यांमध्ये वारंवार दिसते, म्हणून तुमचीच माहिती घेऊन थोडे सविस्तर लिहितो.

आधी चढ कुठून आला ते पाहू. सात जणांचे सरासरी वय ४५ आणि सरासरी दाब १२८ आहे. प्रत्येकाचे वय ४५ पासून किती दूर आहे आणि त्याचा दाब १२८ पासून किती दूर आहे, हे चिन्हासह लिहून दोन्ही अंतरांचा गुणाकार केला आणि सातही गुणाकारांची बेरीज केली, तर ४२० मिळतात. वयाच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ७०० आहे. ४२० ला ७०० ने भागले की ०.६ हा चढ मिळतो. ही रेषा दोन्ही सरासरींच्या बिंदूतून जातेच, त्यामुळे स्थिरांक १२८ वजा ०.६ गुणिले ४५, म्हणजे १०१ येतो. थोडक्यात, रेषा अशी आहे: दाब = १०१ + ०.६ × वय. यातील १०१ ला "वय शून्य असताना दाब" असा अर्थ देऊ नका. तुमच्याकडे ३० वर्षांखालचे कोणीच नाही, आणि तान्ह्या बाळाचा वरचा दाब १०१ पेक्षा बराच कमी असतो. रेषा योग्य उंचीवर ठेवण्यापलीकडे त्या आकड्याचे येथे काही काम नाही.

आता चढाचा अर्थ पाहू. ०.६ ला एकक आहे: दर वर्षामागे ०.६ मिलिमीटर पारा. वय दशकांत मोजले असते तर हाच चढ ६ आला असता, म्हणून एकक न लिहिता नुसते "०.६" लिहिणे अपुरे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की तुम्ही कोणत्याही एका कामगाराचा दाब वर्षानुवर्षे मोजलेला नाही. एकाच वेळी वेगवेगळ्या वयांची सात माणसे मोजली आहेत. म्हणून चढ एवढेच सांगतो की, या माहितीनुसार दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या कामगारांचा वरचा दाब सरासरीने सुमारे ६ मिलिमीटर जास्त आढळतो. "माणसाचा दाब दर वर्षी वाढतो" हे त्याहून खूप मोठे विधान आहे आणि त्यासाठी त्याच माणसांची पुन्हा पुन्हा मोजणी लागते. साठ वर्षांचा कामगार वेगळ्या काळात वाढला, वेगळे खाऊन मोठा झाला आणि कदाचित आज दाबाची गोळीही घेत असेल. गोळीमुळे उतरलेला दाब तुमच्या नोंदीत तसाच येतो, आणि मोठ्या वयात गोळी घेणारे जास्त असल्यामुळे रेषेचा चढ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. शिबिराच्या नोंदवहीत औषधाचा रकाना असेल, तर तो नक्की पाहा.

वयाबरोबर दाब वाढणे हा शरीराचा अटळ नियम आहे, असेही गृहीत धरू नका. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट या अभ्यासात ३२ देशांतील ५२ ठिकाणची माणसे तपासली होती. त्यांपैकी ब्राझीलमधील यानोमामींसारख्या, अत्यल्प मीठ खाणाऱ्या आणि जगापासून अलग राहिलेल्या समूहांत वयानुसार दाब जवळजवळ वाढत नसल्याचे दिसले. याचा अर्थ, तुमच्या ०.६ मध्ये केवळ वय नाही. वयाबरोबर साचत जाणारे मीठ, वजन आणि राहणीमानही त्यात मिसळलेले आहे. म्हणूनच "वयामुळे" हा शब्द टाळून "वयाबरोबर" असे लिहिणे योग्य ठरेल.

तुमच्या दुसऱ्या विधानातील मूळ गोंधळ "४८ टक्के लोक" या शब्दांत आहे. r², म्हणजेच निर्धारण गुणांक, माणसांची मोजणी करतच नाही. तो फरकांच्या वर्गांची वाटणी करतो. वय अजिबात माहीत नसते, तर प्रत्येकासाठी तुमचा अंदाज १२८ हाच राहिला असता, आणि त्या अंदाजाच्या चुकांच्या वर्गांची बेरीज ५२८ आली असती. वय वापरून रेषेवरून अंदाज केला, तर ते अनुक्रमे ११९, १२२, १२५, १२८, १३१, १३४ आणि १३७ येतात. प्रत्यक्ष दाबातून हे वजा केल्यावर −१, ६, −९, ६, −७, ८ आणि −३ एवढा फरक उरतो, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज २७६ होते. म्हणजे ५२८ पैकी २५२ एवढी चूक वय कळल्यामुळे कमी झाली; २५२ भागिले ५२८ हाच तुमचा ०.४८. "या सात जणांच्या दाबातील एकूण चढउतारापैकी सुमारे ४८ टक्के चढउतार वयाच्या सरळ रेषेने मांडता येतो" असे म्हटले की अर्थ नेमका होतो. r म्हणजे याचेच वर्गमूळ, चढाचे चिन्ह लावलेले. ०.६९ हा आकडा ०.४८ पेक्षा भारदस्त वाटतो, पण त्यात नवी माहिती फक्त दिशेची आहे.

एका माणसाबद्दल काही सांगायचे असेल, तर यांपैकी कोणत्याही गुणांकापेक्षा उरलेल्या फरकाचा आकार जास्त उपयोगी पडतो. २७६ ला ५ ने भागून (सात नोंदी वजा रेषेचे दोन अंक) वर्गमूळ काढा. ते सुमारे ७.४ मिलिमीटर येते. रेषा पन्नाशीच्या कामगाराला १३१ देते, तर तुमच्या नोंदीत तो १२४ वर आहे. ७.४ हा आकडा वाचल्याबरोबर डॉक्टरांना कळते, की केवळ वयावरून दाबाचा अंदाज करणे किती ढोबळ आहे. r² वरून ते कळत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे चढ आणि r² यांना कायमचे वेगळे ठेवावे लागते, ती पाहा. तुमच्याच यादीतून ३० आणि ६० वर्षांचे दोघे वगळा आणि ३५ ते ५५ या पाच जणांवर रिग्रेशन काढा. चढ ०.७२ येतो, म्हणजे आधीपेक्षा वाढतो, आणि r² मात्र ०.३३ पर्यंत खाली येतो. ही काही जादू नाही. टोकाची वये गेल्यामुळे वयातील पसारा आटला; दाबातील बाकीचा विखुरलेपणा, म्हणजे मीठ, वजन, झोप, मोजणीची घाई, तेवढाच राहिला. एकूण फरकात वयाचा वाटा त्यामुळे घटला. म्हणून एखाद्या मैत्रिणीने फक्त चाळिशीतले कामगार घेतले आणि तिचा r² तुमच्यापेक्षा कमी आला, तर "तिच्या वस्तीत वयाचा दाबाशी संबंध कमी आहे" असा निष्कर्ष काढता येत नाही. दोन वस्त्यांची तुलना करायची असेल, तर चढांची करा, तीही एककासह आणि अनिश्चिततेसह.

ही अनिश्चितता तुमच्या प्रकल्पात यायलाच हवी. चढाची प्रमाण त्रुटी म्हणजे ७.४३ भागिले ७०० चे वर्गमूळ, सुमारे ०.२८. पाच स्वातंत्र्य मात्रांसाठी टी-सारणीतील मूल्य २.५७ आहे, म्हणून ९५ टक्के विश्वास अंतराल सुमारे −०.१२ ते १.३२ येतो. त्यात शून्यही बसते. r ०.६९ पाहून संबंध पक्का वाटतो, पण सात नोंदींवर तो योगायोगाने येणेही शक्य आहे. शिबिरात याहून जास्त लोक तपासले असतील, तर सगळ्यांच्या नोंदी घ्या. एक्सेलमध्ये वय A2 पासून आणि दाब B2 पासून असेल, तर सात नोंदींसाठी ही सूत्रे पुरेशी आहेत; नोंदी वाढल्या तर ८ च्या जागी शेवटच्या ओळीचा क्रमांक घाला. दाबाचा रकाना आधी द्यायचा हे विसरू नका, कारण क्रम उलटला तर चढ बदलतो आणि r² तोच राहतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

```
=SLOPE(B2:B8,A2:A8)
=INTERCEPT(B2:B8,A2:A8)
=RSQ(B2:B8,A2:A8)
=STEYX(B2:B8,A2:A8)
```

नोंदींकडेही एकदा बारकाईने पाहा. तुमचे सगळे दाब सम संख्येत आहेत, आणि ते ठीक आहे, कारण पाऱ्याच्या यंत्रावरील खुणा दोन-दोन मिलिमीटरवर असतात. पूर्ण यादीत बहुतेक दाब १२०, १३०, १४० असे शून्यावर संपत असतील, तर मात्र मोजणाऱ्याने अंदाजाने आकडा गोल केला आहे. अशा दोन्ही बाजूंनी होणाऱ्या चुकांमुळे r² घटतो, चढ एका बाजूला ढळत नाही. वयाचे तसे नाही. तुमची सातही वये पाचाच्या पटीत आहेत. ती तुम्ही मुद्दाम निवडली असतील तर प्रश्न नाही, पण "लिहा पन्नास" असे कामगारांनी अंदाजाने सांगितले असेल, तर चढ सहसा खऱ्यापेक्षा कमी येतो. आधार कार्डावरील जन्मवर्षाशी काही नोंदी ताडून पाहता येतील.

शेवटी, हीच पद्धत खालच्या दाबाला लावण्याआधी वय आडव्या अक्षावर घेऊन बिंदूंचा आलेख काढा. वरचा दाब म्हातारपणापर्यंत वाढत राहतो, पण खालचा दाब साधारण पन्नाशी-साठीपर्यंत वाढून नंतर उतरू लागतो, कारण मोठ्या रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा कमी होतो. तीस ते ऐंशी वयाची माणसे एकत्र घेतली, तर वर जाणारा भाग आणि खाली येणारा भाग एकमेकांना खोडतात आणि r शून्याजवळ येऊ शकतो. त्या वेळी संबंध नसतो असे नाही. तो सरळ रेषेत नसतो, आणि r फक्त सरळ रेषेपुरताच बोलतो. खालच्या दाबाच्या आलेखात असा बाक दिसला, तर पन्नाशीच्या अलीकडचे आणि पलीकडचे कामगार वेगळे करून दोन रेषा काढा आणि दोन्ही चढ शेजारी शेजारी द्या.