कर्ज बंद करताना आधी तारीख ठरवावी, मग आकडा मागावा

प्रश्न : आमचे जुळे सोलापुरातील घर बँकेच्या कर्जावर घेतलेले आहे. ५ नोव्हेंबरच्या हप्त्यानंतर ६,८४,००० रुपये मुद्दल शिल्लक असून व्याजदर ८.७५ टक्के, बदलता आहे. हप्ता १४,५०० रुपयांचा आहे. त्याशिवाय दरमहा ५८० रुपये वेगळे कापले जातात, ते बहुधा विम्याचे असावेत. दुसऱ्या बँकेतील साडेआठ लाखांची ठेव १८ नोव्हेंबरला मुदत पूर्ण करते आणि तिच्या नूतनीकरणाला ६.७५ टक्के व्याज मिळेल. घरखर्च महिना ३५ हजारांचा आहे. १० तारखेला शाखेने फोनवर "६,८४,८२० भरा, कर्ज बंद होईल" असे सांगितले. एवढे पैसे भरून मोकळे व्हावे का? गड्ड्याच्या जत्रेच्या आत घराचे कागद हातात हवे आहेत. बँकेला काय लिहून द्यावे?

उत्तर : कर्ज बंद करावे, असेच माझे मत आहे. मात्र फोनवर मिळालेल्या आकड्यावर ते बंद करू नये.

आधी निर्णयाचा हिशेब पाहू. ठेवीवर ६.७५ टक्के मिळणार आणि कर्जावर ८.७५ टक्के जाणार, म्हणजे ठेवीच्या व्याजावर एक पैसाही कर लागला नाही असे धरले तरी दोन टक्क्यांचा तोटा आहे. ६,८४,००० रुपयांवर तो पहिल्या वर्षी सुमारे १३,७०० रुपये होतो, आणि मुद्दल कमी होत जाईल तसा घटत जातो. कर्ज असेच चालू ठेवल्यास अजून ५८ हप्ते पडतील आणि त्यांतून सुमारे १ लाख ५७ हजार रुपये व्याज जाईल. हा आकडा ऐकून एवढे सगळे वाचेल असे मात्र समजू नये, कारण तेच पैसे ठेवीत राहिले असते तर त्यांनीही व्याज कमावले असते. खरी बचत फरकाची आहे. आपण जुन्या करप्रणालीत असाल आणि राहत्या घराच्या व्याजाची वजावट घेत असाल तर कर्ज थोडे स्वस्त पडते. परंतु त्याच वेळी ठेवीचे व्याज करपात्र असते, त्यामुळे पारडे पुन्हा कर्ज बंद करण्याकडेच झुकते.

हाताशी काय उरेल, याचा विचार मी जास्त करतो. त्याचे उत्तर आपण जाता जाता लिहिलेल्या त्या ५८० रुपयांत दडलेले आहे.

गृहकर्ज देताना अनेक बँका कर्जदाराच्या आयुष्याचा विमा एकरकमी हप्त्याने उतरवतात आणि त्या हप्त्याची रक्कमही कर्ज म्हणूनच देतात. त्यासाठी वेगळा कर्ज खाते क्रमांक उघडला जातो. मंजुरीच्या वेळी सह्यांच्या गठ्ठ्यात तो कागद निघून जातो आणि कर्जदाराला पुढे वर्षानुवर्षे वाटत राहते की आपण विम्याचा हप्ता भरतो आहोत. वास्तविक तो कर्जाचाच हप्ता असतो. आपल्या खात्यावरही असेच असेल, दर तोच असेल आणि मुदतही मुख्य कर्जाबरोबरच संपत असेल, तर ५८० रुपयांच्या हप्त्यामागे आज सुमारे २७ हजार रुपये शिल्लक निघतील. पासबुकात त्या नोंदीसमोर वेगळा खाते क्रमांक दिसतो का, ते आजच पाहावे.

माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षक दांपत्याने तीन वर्षांपूर्वी मुख्य कर्ज पै न पै फेडले आणि शाखेकडून "आपले खाते बंद झाले आहे" असे पत्रही घेतले. महिन्याभराने ते कागद आणायला गेले तेव्हा सांगण्यात आले की याच घराच्या तारणावर दुसरे खाते चालू आहे, सबब कागद देता येत नाहीत. पत्र खोटे नव्हते. त्यावर एकच खाते क्रमांक होता आणि ते खाते खरोखर बंद झाले होते. विम्याच्या खात्यात जेमतेम एकोणीस हजार बाकी होते, पण ते भरून पुन्हा सगळा अर्ज करण्यात त्यांचे आणखी दोन महिने गेले. म्हणून बँकेला द्यायच्या पत्रात एक खाते क्रमांक लिहून थांबू नये. ग्राहक क्रमांक देऊन त्याखालील, या घराच्या तारणावरील, सर्व कर्ज खात्यांची बाकी मागावी.

आता तारखेकडे वळू. कर्जावरचे व्याज दिवसागणिक चढते. आपल्या कर्जावर एका दिवसाचे व्याज ६,८४,००० गुणिले ८.७५ टक्के भागिले ३६५, म्हणजे सुमारे १६४ रुपये आहे. ५ तारखेच्या हप्त्यापर्यंतचे व्याज वसूल झाले असे धरले, तर १० तारखेला पाच दिवसांचे ८२० रुपये होतात. शाखेने फोनवर सांगितलेला आकडा नेमका एवढाच आहे, म्हणजे तो बरोबर होता, पण त्या एका दिवसापुरता. ठेव १८ तारखेला मोकळी होणार, पैसे २० तारखेला भरणार, तर व्याज पंधरा दिवसांचे, सुमारे २,४६० रुपये होईल आणि भरायची रक्कम ६,८६,४६० होईल. आपण ६,८४,८२० भरले असते तर १,६४० रुपये खात्यात बाकी राहिले असते. एवढ्याशा बाकीने खाते उघडे राहते, पुढचा हप्ता मागितला जातो, तो न गेल्यास थकबाकीची नोंद होते, आणि फेडून मोकळ्या झालेल्या माणसाच्या पतअहवालावर डाग पडतो.

तारीख निवडताना दोन्ही बाजूंचे हप्ते सांभाळावे लागतात. ५ नोव्हेंबरचा हप्ता वटून जमा झालेला असावा आणि ५ डिसेंबरच्या हप्त्याची मागणी बँकेच्या यंत्रणेतून अजून निघालेली नसावी. ही मागणी काही दिवस आधीच तयार होते, त्यामुळे महिन्याच्या अखेरीस कर्ज बंद केले तरी पुढचा हप्ता कापला जाऊ शकतो आणि मग तो परत मिळवण्याची वेगळी फेरी सुरू होते. आपल्याला २० नोव्हेंबर सोयीची आहे. त्या दिवशी बँकेला सुट्टी असेल तर त्यानंतरचा कामाचा दिवस घ्यावा आणि पत्रात तीच तारीख लिहावी.

पहिले पत्र ठेव मोडण्याआधी द्यावे. त्याची दुसरी प्रत शाखेच्या आवक शिक्क्यासह परत घ्यावी. मजकूर साधारण असा असावा :

"माझ्या गृहकर्ज खाते क्रमांक ___ (ग्राहक क्रमांक ___, सहकर्जदार ___) यासह सदर घराच्या तारणावरील सर्व कर्ज खाती दिनांक २० नोव्हेंबर रोजी पूर्ण फेडून बंद करण्याचा माझा मानस आहे. तरी त्या तारखेस देय होणारी रक्कम प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्रपणे दर्शवणारे कर्जबंदीचे विवरणपत्र द्यावे. त्यात शिल्लक मुद्दल, त्या तारखेपर्यंतचे व्याज, प्रतिदिन व्याज, अन्य आकार असल्यास त्यांचे कारण, विवरणपत्र कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे आणि रक्कम कोणत्या खात्यात भरावी, हे नमूद करावे."

खाली आपली आणि सहकर्जदाराची सही, पत्ता व दूरध्वनी क्रमांक असावा. प्रतिदिन व्याजाचा आकडा मुद्दाम मागावा. आरटीजीएस एक दिवस पुढे गेले तर वाढीव रक्कम किती ते आपल्यालाच कळते, नवे विवरणपत्र मागावे लागत नाही.

विवरणपत्र हाती आले की 'मुदतपूर्व आकार' ही ओळ पाहावी. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांना असा आकार घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. आपला दर बदलता आहे, तेव्हा तेथे शून्यच हवे. स्थिर दराच्या कर्जाची गोष्ट वेगळी असते, त्यासाठी मंजुरीपत्र वाचावे लागते.

रक्कम धनादेशाने भरू नये, कारण मग ना-देय दाखल्यावर "धनादेश वटण्याच्या अधीन" अशी ओळ येते. मुख्य कर्जाची रक्कम आरटीजीएसने आणि दोन लाखांखालची रक्कम एनईएफटीने भरून व्यवहारांचे यूटीआर क्रमांक जपून ठेवावेत. दोन्ही खात्यांचा उतारा शून्य बाकीसह छापून घेतल्यावर दुसरे पत्र द्यावे. अनेक जण विवरणपत्र आणि ना-देय दाखला एकाच पत्रात मागतात, आणि बँक पहिल्याचे उत्तर देऊन दुसरे विसरून जाते. दुसऱ्या पत्रात भरलेली रक्कम, तारीख, यूटीआर क्रमांक आणि सर्व खाते क्रमांक लिहून दाखला मागावा. दाखल्यात खाती कोणत्या तारखेला बंद झाली, त्यांवर काहीही देणे नाही आणि घरावर बँकेचा बोजा उरलेला नाही, या तिन्ही गोष्टी असाव्यात. "खाते बंद" एवढाच शेरा पुरेसा नाही, हे वरच्या दांपत्याच्या अनुभवातून दिसलेच. त्याच पत्रात मूळ कागदपत्रे, तारणापोटी दिलेले कोरे धनादेश आणि चालू आर्थिक वर्षाचे व्याज प्रमाणपत्रही मागावे.

कागदांसाठी आपल्या बाजूने एक ठोस नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देणे आणि नोंदवलेला बोजा काढणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. २० नोव्हेंबरला सगळे फिटले तर ही मुदत २० डिसेंबरला संपते, म्हणजे जत्रेला चांगला अवधी राहतो. मात्र दिवस मोजायचे ते सर्व देणे फिटल्यापासून. विम्याचे खाते उघडे राहिले तर बँक म्हणेल की ३० दिवस अजून सुरूच झालेले नाहीत, आणि तिचे म्हणणे खोडणे अवघड जाईल. मुदत टळल्यास आधी शाखेकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास cms.rbi.org.in वर लोकपालांकडे जावे.

दोन्ही खाती मिळून सुमारे ७ लाख १४ हजार जातील आणि ठेवीच्या मुद्दलातून १ लाख ३६ हजार उरतील. ३५ हजारांच्या घरखर्चाला ते चार महिनेही पुरत नाहीत, तेव्हा ही शिल्लक इतर कशात गुंतवू नये. हप्त्यांचे सुटलेले १५,०८० रुपये दरमहा आवर्ती ठेवीत टाकल्यास पाच महिन्यांत सहा महिन्यांचा खर्च जमा होतो. हे जमणार नसेल, किंवा घरात एखादे लग्न वा शस्त्रक्रिया समोर दिसत असेल, तर पूर्ण कर्जबंदीऐवजी चार लाख भरून मुद्दल खाली आणणे मी पसंत करेन. तसे केल्यास कागद मात्र बँकेतच राहतील.

विम्याचे कर्ज फेडले म्हणजे विमा आपोआप संपतो असे नाही. पॉलिसीवर बँकेचे नाव असते, ते काढून घ्यावे आणि पॉलिसी पुढे ठेवायची की परत करून उरलेल्या मुदतीचा परतावा घ्यायचा, हे विमा कंपनीला स्वतंत्र पत्र लिहून विचारावे. आपले घर प्लॉटवर असेल आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा चढवलेला असेल, तर तो उतरवण्यासाठी तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात बँकेचे पत्र लागते. ते पत्र कागद घेण्याच्या दिवशीच शाखेत मागून घ्यावे, आणि पिशवी बंद करण्यापूर्वी मंजुरीच्या वेळी मिळालेल्या यादीशी एकेक कागद ताडून पाहावा.