ब्लॉकर होता, तरी सट्टा कसा सुरू झाला?

"मॅडम, यांनी स्वतःच फोनमध्ये सट्टा बंद करणारं ॲप टाकलं होतं. तरी पंधरा दिवसांत परत खेळले. मग त्या ॲपचा काय उपयोग?"

नागपूरच्या महाल भागातून आलेल्या ताई बोलत होत्या आणि नवरा शेजारी मान खाली घालून बसला होता. हिंगणा एमआयडीसीत नोकरी, नाद क्रिकेटवर पैसे लावायचा. मी त्याला फोन उघडायला सांगितला. बेटब्लॉकर हे मोफत मिळणारं ॲप त्यात होतं आणि वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्हही होतं. ताई रोज तेवढं चिन्ह बघून निर्धास्त व्हायच्या.

असं ॲप फोनमध्ये व्हीपीएन म्हणून, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवर, बसतं आणि जुगाराच्या साइट अडवतं. पण अँड्रॉइडमध्ये एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. दुसरं सुरू केलं की पहिलं बंद पडतं, आणि किल्लीचं चिन्ह मात्र तसंच दिसत राहतं. सेटिंग्जमध्ये VPN उघडून पाहिलं, तर Connected भलत्याच ॲपखाली लिहिलेलं. "मॅच सुरू झाली की राहवत नव्हतं," तो हळूच म्हणाला.

याला मी लबाडी म्हणत नाही. ओढ लागलेला माणूस आपणच लावलेलं कुलूप उघडतो, म्हणून चावी दुसऱ्याकडे हवी. हे त्याला पटल्यावरच आम्ही पुढे गेलो. दुसरं व्हीपीएन काढलं. बेटब्लॉकरची मुदत आधी त्याने २४ तासांचीच ठेवली होती, ती एक वर्षाची केली. मुदत संपेपर्यंत बंदी उठत नाही. VPN च्या पानावर बेटब्लॉकरच्या सेटिंगमध्ये Always-on VPN चालू केलं. मग फोनमधल्याच ॲप लॉकने प्ले स्टोअर आणि सेटिंग्ज बंद केलं आणि पिन ताईंनी टाकला, त्याला न दाखवता.

एक वाट उरली होती. २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, पण चोरटी ॲप्स व्हॉट्सॲप, टेलिग्रामवरच्या फाइलमधून येतातच. त्यासाठी Install unknown apps मध्ये जाऊन क्रोम, व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फाइल मॅनेजर, प्रत्येकाची परवानगी बंद केली. सेटिंग्ज कुलूपबंद करण्याआधीच हे उरकलेलं बरं, नाहीतर पुन्हा पिन टाकावा लागतो.

सट्ट्याचा आयडी देणाऱ्या एजंटला मात्र कुठलंच ॲप अडवत नाही. तो नवा पत्ता पाठवतो, आणि तो ब्लॉकरच्या यादीत नसला की साइट उघडते. एजंटचा नंबर त्याने माझ्यासमोर ब्लॉक केला, ग्रुप सोडले.

तीन आठवड्यांनी दोघं परत आले. अनोळखी नंबरवरून लिंक आली होती आणि ती उघडलीही होती. पैसे भरायच्या आधी त्याने फोन ताईंच्या हातात दिला. त्या दिवशी आम्ही तो नंबरही ब्लॉक केला आणि साइटचा पत्ता ब्लॉकरवाल्यांना कळवला.