ऑटो-डेबिट १५,०००च्या वर गेलं की ओटीपी न येताच पेमेंट फेल का होतं?

प्रश्न: नागपूरला छोटं डिझाइन ऑफिस चालवतो. एका सॉफ्टवेअरचे पैसे दर महिन्याला क्रेडिट कार्डातून आपोआप कटायचे. दोन महिन्यांपासून पेमेंट फेल होऊन राहिलं आहे. कार्डावर लिमिट भरपूर शिल्लक आहे, ओटीपी येत नाही, बँकेचा डिक्लाइनचा मेसेजही नाही. कार्ड पुन्हा टाकलं की तेव्हा चालतं, पुढच्या महिन्यात परत तेच. नेमकं अडतंय कुठे?

उत्तर:

भाऊ, आधी शेवटचं बिल उघडा आणि जीएसटी धरून जी सगळ्यात खालची बेरीज आहे ती बघा. दोन महिन्यांपूर्वी ती १५,०००च्या आत होती आणि आता वर गेली असेल, तर कार्डात काही बिघाड नाही आणि बँकेतही नाही. एखादा माणूस वाढवला का ऑफिसात?

मी धरमपेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसचे हिशेब बघतो. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची ९ लायसन्स होती, एकाचे महिन्याला १,४०० रुपये. म्हणजे १२,६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,२६८, एकूण १४,८६८. दर महिन्याच्या ५ तारखेला गुपचूप कटायचे, कोणाला पत्ताही लागायचा नाही. मग एक नवीन मुलगी रुजू झाली आणि दहावं लायसन्स घेतलं. १४,००० अधिक २,५२०, झाले १६,५२०. पुढच्या ५ तारखेला पेमेंट फेल. सर म्हणाले, "काऊन, कार्डाचं बिल भरलं नाही का?" भरलं होतं. कार्डावर लाखाच्या वर लिमिट मोकळी होती.

नियम रिझर्व्ह बँकेचा आहे. कार्डावरून आपोआप कटणाऱ्या पैशांसाठी सुरुवातीला एकदा ओटीपी देऊन परवानगी नोंदवावी लागते, तिला ई-मँडेट म्हणतात. त्यानंतरचे हप्ते ओटीपीशिवाय कटू शकतात, पण एका वेळी १५,००० रुपयांपर्यंतच. ही मर्यादा २०१९ मध्ये २,००० होती, मग ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,०००. त्यावर एक रुपया जरी गेला तरी त्या वेळची मंजुरी त्या वेळीच, नव्याने द्यावी लागते. मोजली जाते ती प्रत्यक्ष कटणारी पूर्ण रक्कम, करासकट. १८ टक्के जीएसटी असेल तर कराआधीचं बिल १२,७११ रुपयांपर्यंत चालतं, १२,७१२ झालं की उंबरठा ओलांडला. किंमत बघून आपण म्हणतो की १३,००० तर आहेत, १५,००० कुठे झाले, आणि फसगत इथेच होते. बिल डॉलरमध्ये असेल तर आणखी गंमत: भाव हलला की एक महिना चालतं, एक महिना अडतं.

आता ओटीपी का येत नाही, ते बघा. ओटीपी येण्यासाठी कोणीतरी पेमेंटच्या पानावर बसलेलं असावं लागतं. महिन्याचा हप्ता कंपनीचा सर्व्हर रात्रीबेरात्री स्वतःहून मागतो. समोर कोणी नाही, ओटीपी टाकायची चौकट नाही, मग बँक तो पाठवणार कशासाठी? मागणी आली, मँडेटच्या व्यवस्थेने रक्कम बघितली, मंजुरी नोंदलेली नाही म्हणून परत फिरवली. पुष्कळदा ती कार्डाच्या नेहमीच्या तपासणीपर्यंत पोचतही नाही, म्हणून "व्यवहार नाकारला" असा मेसेजही येत नाही. स्टेटमेंटमध्येही काही दिसत नाही, कारण पैसे कटलेलेही नसतात आणि अडकवूनही ठेवलेले नसतात.

मंजुरी मागितली जाते ती त्याच्या आधी. नियमाप्रमाणे कटायच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवायचं असतं: कोणती कंपनी, किती रक्कम, कोणत्या तारखेला, कशासाठी आणि मँडेटचा क्रमांक. रक्कम १५,०००च्या आत असेल तर तो मेसेज नुसती सूचना असतो, काही केलं नाही तरी पैसे कटतात. वर असेल तर दिसायला जवळजवळ तसाच मेसेज येतो, पण शेवटी एक वाक्य जास्तीचं असतं, की मंजुरी द्या, आणि बहुधा एक लिंक. काही केलं नाही तर पैसे कटत नाहीत. आमच्याकडे हा मेसेज ३ तारखेच्या संध्याकाळी आला होता. सरांच्या मोबाइलवर. दर महिन्याला असाच मेसेज येतो म्हणून त्यांनी वाचलाच नाही. ईमेलवर आला तो प्रमोशन्सच्या ढिगात. मला ५ तारखेनंतर, शोधायला बसलो तेव्हा सापडला.

कंपनीच्या बाजूने मात्र हे सगळं एकसारखंच दिसतं. त्यांच्या बिलिंगच्या पानावर `Payment failed` किंवा `Your card was declined`, फार झालं तर `Authentication required`, आणि सोबत ईमेल की कार्डाची माहिती अपडेट करा. हा सल्ला या बाबतीत दिशाभूल करणारा आहे. कार्ड पुन्हा टाकलं की तुम्ही स्वतः समोर बसलेले असता, ओटीपी येतो, थकलेलं बिल भरलं जातं. वाटतं, झालं काम. पण त्या ओटीपीने त्या एका बिलाला मंजुरी दिली. पुढच्या महिन्याचे १६,५२० पुन्हा उंबरठ्याशीच. वर दरवेळी एक नवीन मँडेट तयार होतं आणि जुनं तसंच पडून राहतं. आमच्या यादीत एकाच कंपनीची तीन सापडली.

ही यादी तुम्हीही बघा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात ती ई-मँडेट, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा `Manage SI` अशा नावाने असते. काही बँका तिथून SiHub सारख्या वेगळ्या पोर्टलवर पाठवतात. जुनी मँडेट तिथूनच बंद करा. त्याला पैसे पडत नाहीत, ओटीपी मात्र लागतो. तिथेच प्रत्येक मँडेटची कमाल रक्कमही दिसते, आणि तिच्याकडे नीट बघायला हवं, कारण ती वेगळीच मर्यादा आहे. बिल कमीजास्त होणारं असेल तर नोंदणीच्या वेळी जास्तीत जास्त किती कटू द्यायचे तो आकडा ठरतो. तो १०,००० असेल आणि बिल ११,००० आलं, तर १५,०००च्या आत असूनही अडेल. तेव्हा मात्र कार्ड पुन्हा नोंदवून तो आकडा वाढवणं हा खरा इलाज आहे. दोन्ही अडथळ्यांचं दर्शन सारखंच, उपाय मात्र उलटे.

ओळखायचं कसं? कटायच्या तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस मोबाइलवर आणि मेलवर शोधा. मंजुरी मागणारा मेसेज सापडला, तर कारण १५,०००चंच. नुसती सूचना आली होती आणि त्या दिवशी बँकेचा नाकारल्याचा मेसेजही आला, तर शिल्लक, कार्डाची लिमिट किंवा ऑनलाइन वापर बंद असणं, असलं नेहमीचं काहीतरी. आधी काहीच आलं नसेल, तर मँडेट नीट नोंदलं गेलेलं नाही किंवा रद्द झालं आहे. आणि हो, बँकेत जुना मोबाइल नंबर किंवा मेल असेल तरीही हेच होतं. ते आधी तपासा, हसू नका, आमच्याच दुसऱ्या कार्डाला सोडून गेलेल्या माणसाचा मेल लावलेला होता.

बँकेला फोन करून मर्यादा वाढवून मागू नका. मी अर्धा तास घालवला आहे त्यात. ती बँकेच्या हातात नाही. समोरच्या मुलाने मला इंटरनॅशनल वापर चालू करायला सांगितला, त्याचा इथे काडीचा संबंध नव्हता. "पण माझ्या विम्याचे २२,००० तर आपोआप कटतात" असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल या तीन गोष्टींना डिसेंबर २०२३ पासून १ लाखाची सवलत आहे. सॉफ्टवेअर त्यात नाही. यूपीआय ऑटोपेवर गेलात तरी अशा बिलाला मर्यादा तीच, १५,०००.

मग करायचं काय? आम्ही पहिले दोन महिने मंजुरी देत बसलो. ४ तारखेला मी सरांच्या मागे लागायचो, ते साइटवर, ओटीपी त्यांच्या फोनवर. एकदा ५ तारखेच्या दुपारी मंजुरी दिली, तोवर कंपनीची मागणी येऊन परत गेलेली होती. मंजुरी दिल्याने परत गेलेली मागणी आपोआप पुन्हा येत नाही, कंपनीने पुन्हा मागावी लागते. त्यामुळे उशीर झाला तर लिंकच्या नादी लागू नका. सरळ कंपनीच्या बिलिंगच्या पानावर जाऊन त्या बिलापुढचं पे नाऊ दाबा आणि ओटीपीने भरा. काही बँकांच्या मेसेजमध्ये मंजुरीची लिंक नसतेच, तिथेही हाच रस्ता.

लिंकवरून आठवलं. असे मेसेज ठगांनाही पाठवता येतात. मी मेसेजमधल्या लिंकवर जात नाही, बँकेचं ॲप स्वतः उघडून मँडेटच्या यादीत तो व्यवहार मंजुरीसाठी थांबलेला आहे का ते बघतो. ओटीपीच्या मेसेजमध्ये कंपनीचं नाव आणि रक्कम लिहिलेली असते. १६,५२०च्या जागी दुसरा आकडा दिसला तर तिथेच थांबायचं.

शेवटी आम्ही वर्षाचं बिल एकदम भरायला लागलो. रक्कम मोठी, ओटीपी लागतोच, पण वर्षातून एकदा आणि समोर बसून. एकदम एवढे पैसे काढायला सर आधी कुरकुरले, पण ५ तारखेला सकाळी दहा जणांचं सॉफ्टवेअर बंद पडण्यापेक्षा ते परवडलं. तुमचं बिल उंबरठ्याच्या थोडंसंच वर असेल तर दुसरा मार्गही आहे: कंपनीला विचारून लायसन्सं दोन खात्यांत वाटून घ्या, म्हणजे दोन वेगळी बिलं आणि दोन वेगळी मँडेट. आमच्या १० लायसन्सांचे ५-५ केले असते तर प्रत्येकी ८,२६० झाले असते आणि दोन्ही मुकाट कटले असते. पण सगळ्या फायली एकाच खात्यात हव्या होत्या, म्हणून आम्ही ते केलं नाही.