तक्रारीची पोच देणारा ई-मेल : त्यात काय लिहावे आणि काय लिहू नये

प्रश्न : माझा छोटा ऑनलाइन व्यवसाय आहे. तक्रार आली की एका दिवसात पोच द्यावी असे सगळे सांगतात, पण चूक कोणाची हेच माहीत नसताना त्या ई-मेलमध्ये लिहायचे तरी काय?

आमचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय आहे. कार्यशाळा घरालगतच आहे आणि माल कुरिअरने पाठवतो. आमच्याकडे सर्वाधिक तक्रारी कल्हईबद्दल येतात, म्हणून उदाहरणही तेच घेतो. एका ताईंनी सोमवारी रात्री छायाचित्रासह लिहिले : "दीड महिन्यापूर्वी घेतलेल्या पितळी पातेल्याची कल्हई तळाशी गेली आहे, त्यात वरण करायची आता भीती वाटते."

अशी कल्हई जाण्याची मुख्यतः दोन कारणे असतात. भांडे नीट घासले गेले नसेल किंवा नवसागर सगळीकडे फिरला नसेल, तर त्या जागी कथील धरतच नाही आणि काही दिवसांत पितळ उघडे पडते. दुसरे म्हणजे, रिकामे पातेले मोठ्या आचेवर राहिले तर कथील वितळते, कारण ते सुमारे २३२ अंश सेल्सिअसलाच पातळ होते. अशा वेळी तळाशी त्याचे थेंब गोळा झालेले किंवा ओघळ आलेले दिसतात. पहिल्या कारणात दोष आमचा असतो, दुसऱ्यात तो वापराचा असतो. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात पातेल्याच्या चकाकीमुळे हा फरक बहुतेक वेळा ओळखता येत नाही. भांडे हातात घेऊन उजेडात पाहावे लागते.

म्हणून पोच देताना निकालाबद्दल काहीही लिहू नये. "नवीन भांडे पाठवतो" असे घाईने लिहिले आणि नंतर थेंब सापडले, तर शब्द मागे घेण्याची वेळ येते. उलट "आपण रिकामे भांडे तापवले होते का?" असे पहिल्याच ई-मेलमध्ये विचारले, तर समोरच्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटते आणि तो प्रश्न कितीही योग्य असला तरी पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच कटुतेने होतो. वचन द्यायचे ते आपण काय करणार, कोण करणार आणि कोणत्या तारखेला करणार, एवढ्याचेच. या तीनही गोष्टी आपल्या हातात असतात.

त्या ताईंना मंगळवारी सकाळी गेलेला ई-मेल साधारण असा होता :

"सप्रेम नमस्कार. पितळी पातेल्याच्या तळाची कल्हई गेल्याची आपली तक्रार छायाचित्रासह २ जून रोजी मिळाली. तिचा क्रमांक 'जून-०४' असा आहे. स्वयंपाकाचे भांडे वापराविना बाजूला ठेवावे लागले, याचे आम्हाला वाईट वाटते. तपासणी होईपर्यंत कृपया त्यात आंबट पदार्थ शिजवू अथवा ठेवू नयेत. पातेले नेण्यासाठी कुरिअरचा माणूस गुरुवार, ५ जूनपर्यंत आपल्याकडे येईल. त्याचा खर्च आमच्याकडे राहील. पातेले १० जूनपर्यंत कार्यशाळेत पोहोचेल असा अंदाज आहे. आमचे कल्हईचे कारागीर दर बुधवारी येतात. ते ११ तारखेला तपासणी करतील आणि तिचा निष्कर्ष कारणासह आम्ही १२ जूनला सायंकाळी ६ वाजेपर्यंत आपल्याला लेखी कळवू. पुन्हा कल्हई करायची ठरल्यास ती १८ जूनला होईल आणि पातेले १९ जूनला रवाना होईल. या तक्रारीचे काम (पूर्ण नाव) पाहत आहेत. त्यांचा थेट क्रमांक (क्रमांक) असून सोमवार ते शनिवार सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत त्या फोनवर भेटतील. याच ई-मेलला उत्तर दिले तरी ते त्यांनाच मिळेल."

यातल्या तारखा कशा ठरल्या, हे पाहण्यासारखे आहे. कल्हईवाले बुधवारीच येतात, त्यामुळे "तीन दिवसांत तपासतो" असे लिहिणे खोटे ठरले असते. सर्वांत संथ टप्पा कोणता ते आधी शोधावे, आणि त्याच्या पुढेमागे बाकीच्या तारखा बसवाव्यात. "लवकरात लवकर" हा शब्दप्रयोग तर वापरूच नये, कारण ग्राहकाच्या मनात त्याचा अर्थ उद्या असा होतो आणि आपल्या मनात पुढचा आठवडा असा.

संपर्काच्या व्यक्तीबद्दल आम्ही एकदा चांगलेच तोंडघशी पडलो आहोत. सुरुवातीला आमच्या पोचेखाली फक्त दुकानाचे नाव असे. एका ग्राहकाने तिसऱ्या दिवशी फोन केला, तो माझ्या भावाने घेतला आणि त्याला त्या तक्रारीबद्दल काहीच ठाऊक नव्हते. ग्राहकाला सगळी हकिगत पुन्हा सांगावी लागली आणि त्याचा राग आधीपेक्षा वाढला. तेव्हापासून एकाच माणसाचे नाव देतो, आणि तो माणूस रजेवर जाणार असेल तर त्याच्या जागी कोण असेल तेही कळवतो. ज्याचे नाव द्याल त्याला ते द्यायच्या आधी सांगा. ही साधी गोष्ट बऱ्याच ठिकाणी राहून जाते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. एका दिवसाची शिस्त ठेवली की ४८ तासांची चिंता उरत नाही. मात्र मोजणी तक्रार पोहोचल्यापासून होते, तुम्ही ती वाचल्यापासून नव्हे. शनिवारी रात्री आलेली तक्रार सोमवारी दुपारी उघडली, तर बहुतेक वेळ निघून गेलेला असतो. म्हणून रविवारीही एकदा ई-मेल पाहणारा कोणीतरी ठरलेला असावा. आपोआप जाणारे "आपला ई-मेल मिळाला" हे उत्तर असायला हरकत नाही, पण त्यात ना नाव असते ना तारीख, म्हणून त्याला मी पोच मानत नाही. सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असेही हेच नियम सांगतात. तेव्हा ई-मेलच्या तळाशी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी जुनी ओळ राहिली असेल, तर ती आजच काढून टाका.

तक्रार व्हॉट्सॲपवर आली तरी पोच ई-मेलनेच द्यावी आणि व्हॉट्सॲपवर तक्रार क्रमांक कळवावा. गप्पांच्या ओघात तारखा वर निघून जातात आणि महिन्याभराने कोण काय म्हणाले होते ते दोघांनाही सापडत नाही.

दिलेली तारीख चुकणार असे दिसले, तर ती उलटण्याआधी लिहावे. त्या ताईंचे पातेले पावसामुळे १० तारखेला पोहोचले नाही आणि बुधवार हुकणार हे स्पष्ट झाले. आम्ही त्याच संध्याकाळी त्याच ई-मेलच्या उत्तरात लिहिले : "पार्सल अद्याप वाटेत असल्याने ११ तारखेची तपासणी होणार नाही. ती आता १८ जूनला होईल. पुन्हा कल्हई करायची असल्यास ती त्याच दिवशी करून घेऊ, म्हणजे पातेले रवाना होण्याची १९ जून ही तारीख बदलणार नाही." त्यावर त्यांचे एका ओळीचे उत्तर आले, "ठीक आहे, वाट पाहते", आणि १९ तारखेपर्यंत त्यांचा एकही फोन आला नाही.