मिरवणुकीत फाटलेला आवाज: वाचकांचे प्रश्न

विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीचं ढोलपथक मोबाईलवर घेतलं. आवाज पार फाटलाय. सुधारेल का? (खानापूर)

काही अंशी, पण आधी मूळ फाईल हातात हवी. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली प्रत घेऊ नका. तिथे आवाज पुन्हा दाबला जातो आणि फाटल्याची जागा शोधायची खूणच पुसट होते. ज्याने चित्रण केलं, त्याच्याकडून तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. मग आवाज वेगळा काढा:

```
ffmpeg -i miravnuk.mp4 -vn -c:a pcm_f32le miravnuk.wav
```

ही फाईल ऑडॅसिटीत उघडा, आवाज ६ डेसिबलने कमी करा आणि ढोलाच्या एका ठोक्यावर भरपूर झूम करा. लाटेचे माथे गोल दिसले तर ती नुसती पट्टीबाहेर गेली होती, काही हरवलेलं नाही. माथे कातरल्यासारखे सपाट असतील तर आवाज खरोखर कापला गेला आहे. तसं असेल तर Clip Fix लावा. ते सपाट भागाच्या दोन्ही बाजूंचा उतार बघून मधला माथा अंदाजाने भरतं. नवे माथे उंच होतात, त्यांना जागा हवी म्हणून तिथलं -9 dB तसंच राहू द्या.

Show Clipping सुरू केलं, पण एकही लाल रेघ आली नाही. Clip Fix लावूनही फरक नाही. कानाला मात्र आवाज फाटलेलाच लागतो. (निपाणी)

हे फार जणांचं होतं. लाल रेघ लाट पट्टीच्या टोकाला, म्हणजे 1.0 ला टेकली तरच येते. डॉल्बीसमोर मोबाईलचा माईक आधीच गुदमरतो आणि कापलेला आवाज फोन नंतर आपोआप खाली आणतो. माथे सपाटच राहतात, पण खालच्या पातळीवर.

माझ्या भाच्याने कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर केलेलं चित्रण असंच होतं. ढोलाचे माथे 0.70 ला सपाट, आणि मध्येच हात लागून एक 'टक्', ती 0.98 पर्यंत. Clip Fix निवडलेल्या भागातला सर्वांत उंच माथा धरतं आणि त्याच्या ९५ टक्क्यांवरचंच कापलेलं समजतं. इथे ती रेषा 0.93 ला पडली, सगळे ढोल तिच्याखाली. 'टक्' वगळून उरलेला भाग निवडला, तेव्हा रेषा 0.67 च्या आसपास आली आणि ढोल सापडले. म्हणून तुकड्यातुकड्याने काम करा. दाबलेल्या फाईलमध्ये सपाट माथे थोडे थरथरतात. तेव्हा ९५ चे ९० करून बघा.

घुमारा कमी करायला आधी बास कापला असेल, तर पूर्ववत करा. बास कापला की सपाट माथे तिरके होतात आणि सॉफ्टवेअरला ओळखू येत नाहीत. दुरुस्ती आधी, बास नंतर.

ढोल बरा झाला. पण त्याच चित्रणात आजोबा गणपतीला गाऱ्हाणं घालतायत. ते आता नाहीत. त्यांचे शब्द अजून तुटक येतात. (बेळगाव)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ढोलाची लाट मोठी आणि संथ असते, आजोबांचा आवाज तिच्यावर बसलेली बारीक नक्षी. माथा कापला गेला तेव्हा त्याच्यावरची नक्षीही गेली. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या चित्रणात ढोलाचा सपाट भाग २०० नमुन्यांचा असेल, तर ते चार मिलिसेकंद झाले. तेवढ्यात बोलण्यातल्या बारीक लहरी चार-पाच वेळा वरखाली होतात. Clip Fix ढोलाचा गोल माथा भरून देतं, नक्षी नाही. ती फाईलमध्ये कुठेच उरलेली नाही.

पण दोन ठोक्यांमधला आवाज शाबूत असतो. Clip Fix नंतर १५० हर्ट्झखालचं कमी करा. मग एन्व्हलप टूलने प्रत्येक ठोका हाताने खाली आणा. ठोक्यानंतर फोनने आवाज दाबला असेल, तिथे दोन ठोक्यांमधला भाग थोडा वर घ्या. एका मिनिटाला तासभर सहज लागतो. नॉइज रिडक्शन इथे लावू नका. झांजा-ताशांबरोबर ते 'स', 'श'सुद्धा खाऊन टाकतं आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्याच वेळी पलीकडच्या बाजूने कुणी चित्रण केलं होतं का, हे गल्लीत जरूर विचारा. लांबून घेतलेल्या फोनमध्ये ते शब्द अखंड असू शकतात.

शिवजयंतीच्या चित्ररथांना काय काळजी घेऊ? (बेळगाव)

डॉल्बीच्या तोंडासमोर उभे राहू नका, आडव्या बोळाच्या तोंडाशी थांबा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, अरुंद गल्लीत भिंतींमुळे त्याहून कमी. रेकॉर्डिंग अॅपमध्ये हाताने पातळी कमी करता येत असेल, तर सर्वांत मोठ्या ठोक्याला काटा -12 च्या आसपास ठेवा. काटा खाली असूनही आवाज फाटत असेल, तर माईकच गुदमरतोय. तिथे अंतर वाढवण्यावाचून इलाज नाही.