सीओपीडी आणि घरचं ऑक्सिजन मशीन: फ्लो किती ठेवायचा?

प्रश्न: बाबांना सीओपीडी आहे, मशीन २ वर ठेवायला सांगितलंय पण दम लागला की ४ करू का? आणि देवघर त्याच खोलीत आहे, चालेल ना?

उत्तर: स्वतःहून ४ करू नका. ऑक्सिजन जास्त झाला तर अशा पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, मग बोटावरचं मीटर ९७ दाखवतं आणि आपण खूश, पण माणूस सकाळी डोकं धरून उठतो, दिवसभर पेंगतो, असंबद्ध बोलतो. असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. टार्गेट बहुतेकदा ८८ ते ९२ असतं, तुमचं डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. २ वर असूनही ८८ च्या खाली राहत असेल तर आधी नळी कुठे दुमडलीय का बघा, नाहीतर लगेच फोन.

आणि खरा फायदा कोणाला, तर स्थिर तब्येतीत, आराम करतानाही ज्यांचं ८८ किंवा कमी असतं त्यांना, तेही दिवसाचे किमान १५ तास लावलं तरच. नुसता दम लागतो म्हणून लावून विशेष उपयोग नाही.

देवघर मात्र हलवाच, निरांजन, उदबत्ती, गॅस सगळं निदान ३ मीटर लांब, विडी तर घरातच नको. मशीन चालू ठेवून नळी तशीच गादीवर काढून टाकू नका, चादरीत ऑक्सिजन मुरतो आणि ठिणगी पडली की भडका.