मायच्या ओठावरचा आलाप: शब्द नसलेलं गाणं कसं शोधायचं

प्रश्न: माझी माय (शिरपूर तालुका) काम करताना एक आलाप गुणगुणते. शब्द एकही नाही, नुसतं ‘आऽऽ’. लग्नाआधी सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूतल्या सिनेमात ऐकलं होतं म्हणते. बाईचा आवाज, रात्रीचा प्रसंग आणि भीती वाटायची, एवढंच आठवतं. लग्न १९७१ चं. मोबाईलला गुणगुणून दाखवलं तर दर वेळी वेगळंच गाणं येतं. कसं शोधू?

उत्तर:

ताई, मोबाईल दोन दिवस बाजूला ठेवा. शझामसारखी ॲप वाजणाऱ्या रेकॉर्डिंगचा ठसा ओळखतात, माणसाचं गुणगुणणं त्यांच्या कामाचं नाही. गूगलच्या ॲपमध्ये २०२० पासून गुणगुणून शोधायची सोय आहे. ती चालीचा चढउतार जुळवते, त्यामुळे मुखडा गुणगुणलात तर पुष्कळदा बरोबर येते. आलापाला मात्र ताल नसतो, स्वर एकमेकांत घसरत जातात आणि तसा चढउतार शंभर गाण्यांत सापडतो. म्हणून दर वेळी नवं उत्तर.

आधी मायचा आवाज नीट रेकॉर्ड करा. ‘तो आलाप म्हणून दाखव’ असं समोर बसवून सांगू नका, तसं केलं की माणूस चार सुरांत आटपतो. भाकरी थापताना, निवडताना आपोआप निघेल तेव्हा फोन जवळ असू द्या. आलाप संपला तरी रेकॉर्डिंग थांबवू नका, कारण आपल्याला खरी गरज आहे ती पुढच्या चार सेकंदांची. शब्द विसरलेल्या माणसाच्या गळ्यात मुखड्याची चाल बहुतेक वेळा शिल्लक असते. आलापाच्या शेवटच्या सुरावरून आवाज आपसूक पुढे सरकतो आणि ‘न न नाऽ न’ असं काहीतरी येतं. तो तुकडा मिळाला तर अर्धं काम झालं, आणि तोच तुकडा मोबाईललाही कळतो.

रेकॉर्डिंग हाती आलं की दोन गोष्टी कान देऊन ऐका.

पहिली गोष्ट, तो खरंच आलाप आहे का? जुन्या सिनेमांत पुष्कळ गाणी तालाविना म्हटलेल्या एक-दोन ओळींनी सुरू होतात, तबला नंतर येतो. ‘महल’ (१९४९) मधलं ‘आयेगा आनेवाला’ घ्या. त्याच्या आधी ‘खामोश है ज़माना’पासून सुरू होणाऱ्या ओळी संथ लयीत येतात. पन्नास-साठ वर्षांत शब्द गळून जातात आणि उरतं ते ‘आऽऽ’. घरचे म्हणतात आलाप आहे, पण मुळात ती कविता होती. दोन्हींतला फरक ऐकू येतो. खऱ्या आलापात ‘आ’ एकसंध वाहतो, श्वास घ्यायलाच तुटतो. हरवलेल्या शब्दांच्या जागी जीभ मधे मधे अडते, ‘आ’मध्ये ‘ल’ किंवा ‘न’ घुसतो, एकाच सुरावर दोन-तीन छोटे ठोके पडतात. तसे ठोके ऐकू आले तर ते मोजून ठेवा. तेवढी अक्षरं त्या ओळीत होती असं धरून चालता येतं.

दुसरी गोष्ट, हा आलाप सुरुवातीचाच आहे का? दोन कडव्यांच्या मधेही आलाप असतात आणि आठवणीत ते सर्रास पुढे येऊन बसतात. मायच्या पायाकडे किंवा हाताकडे बघा. गुणगुणताना बोट ताल धरत असेल तर तो बहुधा मधला तुकडा आहे, कारण मधल्या आलापाखाली ठेका चालू असतो. हात स्थिर आणि मुखड्याशी आल्यावरच हलायला लागला, तर सुरुवातीचा. हे वाचायला फालतू वाटेल, पण यावरच पुढे आपण गाण्याचा कोणता भाग ऐकून ताडायचा ते ठरतं.

आता पेटी. तुमच्या गावात भजनी मंडळ असेलच, त्यांच्या पेटीवाल्याकडे ते रेकॉर्डिंग घेऊन जा. राग कोणता असं विचारू नका, उगाच वाद सुरू होतो. त्याला एवढंच सांगा की माय जिथे समाधानाने थांबते तो सूर ‘सा’ धर, मग तो काळी चार असो की पांढरी दोन, आणि मला दोनच गोष्टी सांग: गंधार कोमल आहे की शुद्ध, आणि मध्यमावर ती कुठे थांबते का.

दोनच का, ते सांगतो. तुम्ही दिलेल्या वर्णनात (बाईचा आवाज, रात्र, भीती, १९७१ च्या आधीचं) बसणारी गाणी अमाप नाहीत. ‘महल’नंतर भुताखेताच्या, रहस्याच्या सिनेमांत लताबाईंच्या आवाजातलं एखादं भारलेलं गाणं ठेवायची रीतच पडली. ‘मधुमती’ (१९५८), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वो कौन थी’ आणि ‘कोहरा’ (दोन्ही १९६४), ‘गुमनाम’ (१९६५), ‘मेरा साया’ (१९६६) ही त्याच वाटेवरची नावं. यात्रेतल्या तंबूत नवा सिनेमा क्वचितच यायचा, चार-सहा वर्षं फिरून आलेल्या, ओरखडे पडलेल्या प्रिंटा यायच्या. म्हणजे तुमच्या मायच्या वयाला ही सगळीच नावं बसतात.

इथे ती दोन उत्तरं चाळणीचं काम करतात. ‘मेरा साया’चं शीर्षकगीत नंद रागावर आहे. नंदमध्ये गंधार शुद्ध आणि मध्यम दोन्ही लागतात. पेटीवाल्याने गंधार कोमल सांगितला तर ते गाणं बाद. कोमल गंधार आहे, मध्यमावर थांबणं नाही, निषादही जवळपास नाही असं निघालं, तर वळण शिवरंजनीचं आहे: सा, रे, कोमल ग, प, ध, एवढे पाचच सूर. आणि ‘बीस साल बाद’मधलं ‘कहीं दीप जले कहीं दिल’ शिवरंजनीवरचं गाणं म्हणूनच ओळखलं जातं. संगीत हेमंतकुमारांचं, शब्द शकील बदायुनींचे, आणि सुरुवात लताबाईंच्या शब्दाविना आलापाने. रात्रीच्या अंधारात तो आवाज कुठून येतोय हे कळत नाही, भीतीचा सगळा खेळ तोच. माझा पहिला कौल या गाण्याला आहे.

पण नुसत्या सुरांवर पैज लावू नका. आपल्याकडच्या लग्नांत नवरदेव घोड्यावर बसला की बँडवाले हमखास ‘बहारों फूल बरसाओ’ वाजवतात. ‘सूरज’ (१९६६) मधलं ते गाणंही शिवरंजनीच्याच सुरांत आहे. तेच पाच सूर एकीकडे वरात नाचवतात आणि दुसरीकडे अंगावर काटा आणतात. फरक पडतो तो लयीने, आणि कोमल गंधारावर किती वेळ रेंगाळलं जातं त्याने. शिवाय सिनेमाचे संगीतकार रागाबाहेरचा सूर मजेत लावून जातात. म्हणून पेटीचं उत्तर गाणी वगळायला वापरा, एखादं नक्की करायला नको.

लग्नाचं साल दिलंत ते फार चांगलं केलंत. नाहीतर ‘मेहबूबा’मधलं ‘मेरे नैना सावन भादों’ मधे आलं असतं. तेही शिवरंजनी, कथा पुनर्जन्माची, लताबाईंच्या आवाजातलं रूपही आहे. पण सिनेमा १९७६ चा, म्हणजे लग्नानंतरचा. मायला साल पक्कं आठवत नसलं तरी ‘तेव्हा मी माहेरी होते की सासरी’ हे बरोब्बर आठवतं. बायकांकडून गाण्याचा काळ काढायचा असेल तर मी हाच प्रश्न विचारतो.

पेटीवाला मिळाला नाही तर जुन्या बँडमास्तरकडे जा, क्लॅरिनेट किंवा कॉर्नेट वाजवणाऱ्याकडे. या मंडळींना गाणी शब्दांनी लक्षात नसतात, बोटांनी असतात. अमळनेरकडच्या एका म्हाताऱ्या मास्तरांना मी असाच एक तुकडा ऐकवला होता. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं फिरवली आणि म्हणाले, ‘हाई ते भूतनं गानं शे!’ सिनेमाचं नाव त्यांना सांगता येईना, पण पुढचा मुखडा त्यांनी वाजवून दाखवला. मला तेवढंच हवं होतं.

आता खात्री करायची वेळ. इथे बरेच जण घाई करतात. यूट्यूबवर पहिलं सापडेल ते ऑडिओ लावतात, त्यात आलाप सापडत नाही आणि ‘हे नाही’ म्हणून मोकळे होतात. जुन्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. त्यामुळे सिनेमातलं गाणं आणि तबकडीवरचं गाणं यांत फरक असायचा. नंतरच्या कॅसेटवाल्या संग्रहांतही सुरुवात छाटलेली सापडते. मायने तर तंबूत सिनेमाच पाहिला होता. म्हणून सिनेमातला प्रसंगच शोधा, आणि गाण्याच्या मिनिटभर आधीपासून लावा. शिवाय अशा सिनेमांत तो आवाज एकदाच येतो असं नाही, पुन्हा पुन्हा कानावर पडतो. मायच्या डोक्यात बसलेला तुकडा गाण्याऐवजी एखाद्या प्रसंगाच्या मागे वाजलेला असू शकतो.

मायला ऐकवताना ‘हेच ना ते?’ म्हणू नका. ती तुमचं मन राखायला हो म्हणेल. तीन गाण्यांच्या सुरुवाती लावा, नावं न सांगता, आणि आपल्या संशयातलं गाणं मधे ठेवा. तिच्या होकाराकडे लक्ष देऊ नका, तिच्या गळ्याकडे द्या. ओळखीचं गाणं असेल तर ती गाण्याच्या मागून जाणार नाही, त्याच्या पुढे जाईल. पुढचा सूर स्पीकरमधून यायच्या आधी तिच्या तोंडून येईल. नुसतं आवडलेलं किंवा तसंच वाटणारं गाणं असेल तर ती अर्ध्या सुराने मागे राहील. ही खूण मला कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाची वाटते.

तिन्हींना तिने नकाराची मान हलवली तर दोन गोष्टी करा. मुखड्याचा जो ‘न न ना’ तुकडा मिळाला असेल तेवढाच, आलाप वगळून, मोबाईलला गुणगुणा. दहा-पंधरा सेकंद, सूर सुटे सुटे ठेवून, पंखा बंद करून. आणि हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांच्या हिंदी फिल्म गीतकोशाचा १९६१ ते ७० चा खंड एखाद्या जुन्या वाचनालयात मिळतो का पाहा. त्यात आलापाची नोंद नसते, पण सिनेमावार गाणी आणि गायक असतात. रहस्यपटांची पानं काढून लताबाईंची गाणी टिपलीत तर यादी एका कागदावर मावेल, आणि मग एकेक करून ऐकवता येईल. तिला त्या प्रसंगातलं काही दिसतं का तेही विचारून ठेवा: दलदल होती, हवेली होती, नाव होती की पाऊस. तोवर पेटीवाल्याने गंधार कोणता सांगितला ते इथे लिहा.